पायऱ्या सापडत नाहीत

इश्यू दोनच वाक्यांचा होता: ‘मराठी शोध चालत नाही. लवकर दुरुस्त करा.’ नोंदी ठेवायच्या एका छोट्या ओपन सोर्स ॲपसाठी मी उस्मानपुऱ्यातल्या घरी बसून, नोकरी सांभाळून, असे इश्यू निवडून देतो. पगार इथे कुणालाच नाही. मेंटेनर दोघेच, त्यामुळे असा मजकूर दिसला की बंद करायचा मोह त्यांनाही होतो. पण शोध चालत नाही म्हणजे नेमकं काय, हे विचारल्याशिवाय इश्यूला लेबल लावणं म्हणजे पेशंट न बघता औषध देणं. मी `needs info` लावलं आणि विचारलं, कोणता शब्द सापडत नाही?

उत्तर आलं: ‘पायऱ्या’. माणूस वेरूळला पर्यटकांना लेणी दाखवतो. नोंदी फोनवर लिहितो आणि घरी कॉम्प्युटरवर शोधतो. ‘कैलास’ सापडतं, ‘पायऱ्या’ नाही. माझ्याकडे मात्र ‘पायऱ्या’ लगेच सापडलं. कारण मी लिहिलं आणि शोधलं एकाच कीबोर्डावर. मग त्याच्याकडून नोंदीची फाइल मागवली आणि अक्षरांचे युनिकोड क्रमांक काढले, तेव्हा उलगडा झाला. आपला ‘ऱ’ दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक तर अख्खा ऱ, नाहीतर साधा र आणि त्याखाली वेगळा नुक्ता. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधणाऱ्या कोडला ते दोन वेगळे शब्द वाटतात. यावर युनिकोडमध्येच तयार उपाय आहे:

```python
import unicodedata
unicodedata.normalize("NFC", "\u0930\u093c") == "\u0931"  # True
```

म्हणजे दुरुस्ती जेमतेम ओळ-दोन ओळींची. मी दहा मिनिटांत करून मोकळा झालो असतो. पण गिटहब नव्या प्रकल्पाला जी लेबलं तयार देतं, त्यात `good first issue` हे एक आहे, आणि ते लावलेले इश्यू प्रकल्पाच्या `/contribute` पानावर नवख्यांना दिसतात. तिथं ठेवण्याजोगं काम आमच्याकडे क्वचितच निघतं. म्हणून हे ठेवायचं ठरवलं, आणि खरी मेहनत इथून पुढे लागली. कोणती फाइल, कोणतं फंक्शन हे लिहिलं. नुसता शोधशब्द बदलून भागणार नाही, जुन्या नोंदींशी तुलना करतानाही तोच संस्कार हवा, हे लिहिलं. कोणती चाचणी आज नापास होते आणि दुरुस्तीनंतर पास व्हायला हवी, तेही दिलं. एवढं लिहायला दुरुस्तीपेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला. लेबलाची किंमत ही असते. नुसतं ‘सोपं’ म्हणून चिकटवलेलं लेबल नवख्याला बुडवतं: काय करायचं ते कळत नाही आणि विचारायची लाज वाटते.

लेबल लागलं त्याच रात्री ‘assign me’च्या रांगा लागल्या. त्यात शहरातल्याच इंजिनिअरिंग कॉलेजातला एक मुलगा होता. त्यानं मेसेज केला, ‘दादा, मला द्या ना, मी आधी बोललो होतो.’ आमच्याकडे नंबर लावायची पद्धत नाही. इश्यू वाचून एक प्रश्न विचारणाऱ्याला तो मिळतो. ‘जुन्या नोंदी वाचतानाच बदलू, की फाइलमध्ये कायमच्या बदलू?’ हे विचारलं दुसऱ्याच एका मुलीनं. तिला दिला. कॉलेजातल्या मुलाला मी चाचण्यांचं काम सुचवलं. ते त्यानं घेतलं नाही.

आता यातली मेख. वेरूळच्या माणसाच्या काही जुन्या नोंदी तिच्या दुरुस्तीनंतरही सापडेनात. त्या तिसऱ्याच तऱ्हेनं लिहिलेल्या होत्या: र, हलन्त आणि मग न दिसणारा जोडक, `U+200D`. नॉर्मलायझेशन याला हात लावत नाही. मी वेगळा इश्यू उघडला आणि त्याला `good first issue` मुद्दाम लावलं नाही. तरी दोन दिवसांत कुणीतरी पुल रिक्वेस्ट पाठवलीच: जोडक दिसला की काढून टाका, संपलं! पण जोडक काढला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. म्हणजे डोंगरदऱ्या शोधाव्यात आणि समुद्र सापडावा. त्यापेक्षा र, हलन्त, जोडक ही तिकडी दिसली की तिथं ‘ऱ्’ घालणं बरोबर. पण हे मराठीपुरतं. ॲपमध्ये इतर लिप्याही आहेत, आणि कुटुंबाचे इमोजीसुद्धा त्याच जोडकानं जोडलेले असतात. तेव्हा नियम कुठल्या टप्प्यावर, कुठल्या अक्षरांपुरता लावायचा, हे ठरवायचं आहे.

त्यावर सध्या `needs decision` आहे. पुल रिक्वेस्ट बंद करताना मी ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ या दोन शब्दांची चाचणी इश्यूत टाकून ठेवली, म्हणजे पुढचा उत्साही माणूस कोड पाठवण्याआधी ती चालवून बघेल. मेंटेनरांपैकी एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला सवड नाही.