साहेब गेले, बिघाड राहिला

२६ ऑक्टोबर १९९२, सोमवार. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने त्या दिवशी नियंत्रण कक्षातले कागद बाजूला सारले. तोवर फोन घेणारा माणूस पत्ता कागदावर उतरवायचा, कागद सरकत्या पट्ट्यावरून पुढच्या टेबलावर जायचा, आणि तिथला अनुभवी माणूस आपल्या भागातली मोकळी गाडी रेडिओवरून धाडायचा. आता कोणती गाडी कुठे जाईल हे संगणक ठरवणार होता. मंगळवारी दुपारपर्यंत ही व्यवस्था गुडघ्यावर आली आणि अर्धी हातानेच चालवायची वेळ आली. बुधवारी सेवेच्या मुख्याधिकाऱ्यांनी राजीनामा दिला.

आपल्याकडे साधारण इथेच फाइल बंद होते. कुणीतरी गेले, जबाबदारी निश्चित झाली.

पण पुढच्याच बुधवारी, ४ नोव्हेंबरला पहाटे दोनच्या सुमारास, तीच यंत्रणा आधी मंदावली आणि मग पूर्ण गोठली. कारण अगदी वेगळे होते. एका बारीक दुरुस्तीच्या वेळी प्रोग्रामचा एक तुकडा अनवधानाने आत राहून गेला होता. गाडी रवाना झाली की तो सर्व्हरची थोडी मेमरी वापरायचा आणि परत करायचा नाही. घरी लग्न आहे, प्रत्येक पाहुण्याला नवा कप दिला जातो आणि उष्टे कप कुणी विसळतच नाही, असे समजा. पहिल्या दिवशी कुणाला पत्ता लागत नाही, फडताळ रिकामे व्हायला वेळ लागतो. इथे तीन आठवडे लागले. म्हणजे साहेबांनी राजीनामा दिला त्या दिवशीही कप संपतच होते.

एखादी नवी व्यवस्था सुरू झाल्यावर काही काळाने तिचा आढावा घेऊन अहवाल लिहायचा असतो: काय ठरले होते, काय घडले, का घडले. दोषारोप न करता असा अहवाल लिहावा असे म्हटले की बरेच जण नाक मुरडतात. मग चुकणाऱ्याला मोकाट सोडायचे का? लंडनचे प्रकरण वाचताना हा प्रश्नच जरा वेगळा दिसू लागतो.

चौकशीचे काम तिघांकडे होते. दुसऱ्या एका रुग्णवाहिका सेवेचे प्रमुख डॉन पेज, संगणक व्यवस्थांचे लेखापरीक्षण जाणणारे पॉल विल्यम्स, आणि कामगार-तंट्यांत मध्यस्थी करणारे डेनिस बॉइड. गाड्या जाणणारा एक, यंत्र जाणणारा एक आणि माणसांची भांडणे जाणणारा एक. अहवाल फेब्रुवारी १९९३ मध्ये आला.

त्यातला सर्वांत शिकण्यासारखा भाग गाड्यांच्या स्थितीविषयीचा आहे. प्रत्येक गाडीत एक छोटा संच बसवला होता. निघालो, पोचलो, मोकळे झालो, असे प्रत्येक टप्प्यावर कर्मचाऱ्याने बटण दाबायचे. गाडी नक्की कुठे आहे आणि मोकळी आहे का, हे संगणकाला जवळजवळ अचूक कळले तरच त्याचा हिशेब बरोबर येणार होता. तसे कळले नाही. मग एकाच ठिकाणी दोन गाड्या जाऊ लागल्या, कुठे लांबची गाडी पाठवली गेली. संगणकाला काही जुळेना की तो नियंत्रकासमोर सूचना टाकायचा. सूचनांची यादी इतकी वाढली की जुन्या सूचना पडद्याच्या वर सरकून दिसेनाशा झाल्या. गाडीची वाट पाहणारे लोक पुन्हा फोन करू लागले. त्या फोनांनी यादी आणखी वाढली, यंत्रणा आणखी मंदावली.

कर्मचारी मुद्दाम चुकीची बटणे दाबतात, असा संशय तेव्हा उघड बोलला जात होता. व्यवस्थापन आणि कर्मचारी यांच्यात आधीपासून वितुष्ट होते, त्यामुळे ही गोष्ट पटायलाही सोपी होती. अहवालाने ती शक्यता लपवली नाही. पण ती एका लांब यादीतली एक नोंद म्हणून लिहिली. त्याच यादीत शहरात रेडिओ न पोचणाऱ्या जागा होत्या. पाळी बदलताना सगळ्या गाड्या एकदम नोंदणी करू लागल्या की रेडिओवर होणारी कोंडी होती. संदेश पुन्हापुन्हा पाठवूनही जात नाही म्हणून कंटाळून बटण सोडून देणारी माणसे होती. रुग्णाचा जीव धोक्यात असताना बटणाचे भान न राहणे होते. ठरलेली गाडी सोडून दुसरीच घेऊन निघणेही होते.

आता या यादीवर हात ठेवून विचार करा. ‘कर्मचाऱ्यांनी नीट बटणे दाबली नाहीत’ एवढेच लिहिले असते तर उपाय एकच उरला असता, कारणे दाखवा नोटीस. नोटिशीने रेडिओ न पोचणाऱ्या जागी रेडिओ पोचत नाही. शिवाय ज्याच्यावर बालंट येणार आहे तो माणूस चौकशीत तोंड उघडत नाही, आणि कंटाळून बटण सोडून दिले ही गोष्ट त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नसते. विमान अपघातांच्या चौकशीसाठी आंतरराष्ट्रीय नियमांनी हेच तत्त्व केव्हाच मान्य केले आहे: हेतू पुढचा अपघात टाळण्याचा, दोष किंवा दायित्व ठरवण्याचा नव्हे. शिक्षेचा विचार हवा तर तो वेगळ्या टेबलावर व्हावा.

मेमरीच्या चुकीबाबत मात्र अहवालाची लेखणी थोडी घसरते. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द तिथे येतोच. प्रोग्राम लिहिणाऱ्याचे नाव येत नाही आणि त्याच दमात बदल तपासण्याची शिस्त नव्हती, हेही सांगितले जाते. मला विचाराल तर पहिला शब्द वाया गेलेला आहे. निष्काळजी होऊ नका या सूचनेची अंमलबजावणी कशी करणार? दुसऱ्या भागावर काम करता येते: चालू यंत्रणेत शिरणारा प्रत्येक बदल दुसऱ्या माणसाने वाचायचा. नेहमीच्या चाचण्यांत ही चूक सापडण्याची शक्यता कमीच होती, हेही अहवालाने नोंदवले आहे. आणखी एक गोष्ट तिथे सापडते. राखीव सर्व्हर होता, पण यंत्रणा अर्धी कागदावर चालत असताना तो काम सांभाळेल अशी सोय कधी बसवून तपासलीच नव्हती. त्या पहाटे तो उपयोगी पडला नाही आणि सगळे पुन्हा कागदावर आले.

दोष न देणे म्हणजे गुळमुळीत लिहिणे, असा समज होऊ नये. ‘समन्वयाचा अभाव आढळला’ असली वाक्ये आपल्या कार्यालयांत ढिगाने सापडतात. त्यांत कुणाला दोष नाही आणि कुणाला धडाही नाही. लंडनचा अहवाल निर्णयांबाबत बोचरा आहे. यंत्रणा सुरू करण्याची तारीख, ८ जानेवारी १९९२, निविदा येण्याआधीच ठरली होती. एवढ्या वेळात हे जमणार नाही, असे पुरवठादार सांगत होते, त्यांना तारीख हलणार नाही असे उत्तर मिळाले. सर्वांत स्वस्त निविदा स्वीकारली गेली. २६ ऑक्टोबरला यंत्रणाही तयार नव्हती आणि ती वापरणारेही नव्हते, हे अहवाल सरळ म्हणतो. ठरवणाऱ्याचे पद त्यात दिसते, त्याने काय ठरवले आणि तेव्हा त्याला काय माहीत होते तेही दिसते. त्या खुर्चीत उद्या दुसरा कुणी बसला तरी त्याला वाचून उपयोग होतो.

संगणक टाकून द्या, असे तिघांनी सुचवले नाही. राखीव व्यवस्था पूर्ण तपासा, सल्लामसलत, चाचण्या आणि प्रशिक्षण यांना पुरेल एवढा वेळ द्या, आणि गाडीवरच्या कर्मचाऱ्यांनाही ही यंत्रणा आपली वाटली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढची यंत्रणा सेवेतल्याच लोकांनी टप्प्याटप्प्याने उभी केली. ती सुरू झाली १९९६ च्या जानेवारीत.