पावडर टाकली, पण अर्धा तास दिला का?

ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या रजिस्टरमध्ये रोज एक आकडा पडतो: टीसीएल, २५० ग्रॅम. खाली जलसुरक्षकाची सही. सही खरी असते, पावडरही खरोखर टाकलेली असते. तरीही गावात जुलाबाची साथ येऊ शकते. त्या आकड्यातून दोन गोष्टी कळत नाहीत. पावडरीत क्लोरीन किती होतं आणि ते पाण्यात किती वेळ राहिलं?

समजा, गाळणीतून आलेलं पाणी साठवायला गावाची ५०,००० लिटरची टाकी आहे. हजार लिटरला ५ ग्रॅम या रूढ हिशोबाने २५० ग्रॅम पावडर लागते. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. म्हणजे पाण्यात सुमारे ८२ ग्रॅम क्लोरीन गेलं, लिटरमागे १.६ मिलिग्रॅम. पण पाणी आधी स्वतःचा हिस्सा खातं. त्यातला गाळ, शेवाळ, सेंद्रिय कचरा, लोह, अमोनिया यांच्यावर क्लोरीन खर्च होतं. आपल्या टाकीतलं पाणी लिटरमागे १ मिलिग्रॅम खातं असं धरू. मग ०.६ उरतं. जंतू मारायला आणि पुढे नळातून घरापर्यंत पाण्याची राखण करायला ते पुरेसं आहे.

आता तीच पावडर सहा महिने पत्र्याच्या खोलीत, तोंड उघड्या गोणीत ठेवा. ऊन, दमट हवा आणि वेळ मिळून तिच्यातलं क्लोरीन उडवून लावतात. ते २० टक्क्यांवर आलं तर त्याच २५० ग्रॅममधून फक्त ५० ग्रॅम क्लोरीन मिळतं, लिटरमागे बरोबर १ मिलिग्रॅम. ते सगळं पाणीच खाऊन टाकतं. शिल्लक शून्य. रजिस्टरमध्ये मात्र तोच आकडा आणि तीच सही. पहिल्याइतकं क्लोरीन हवं असेल तर या पावडरीचे सुमारे ४१० ग्रॅम घ्यावे लागतील. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की भूक आणखी वाढते, तेव्हा तेही पुरणार नाहीत. शिवाय गाळाच्या कणाआड दडलेल्या जंतूपर्यंत क्लोरीन नीट पोचतच नाही. म्हणून तुरटी आणि गाळणी आधी, पावडर नंतर.

पावडर टाकण्याचीही एक रीत आहे. टाकीच्या झाकणातून कोरडी मूठ भिरकावली की तिचे गोळे तळाशी बसतात आणि वरचं पाणी कोरं राहतं. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करायची, मग बादली भरून ढवळायची आणि चुना खाली बसू द्यायचा. वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं, तळाचा चुना टाकून द्यायचा. टाकी साधारण पाव भरली असताना ओतलं तर वरून पडणारं पाणीच ढवळण्याचं काम करतं.

यानंतरची पायरी सर्वांत जास्त चुकते. क्लोरीनला जंतू मारायला वेळ लागतो. मात्रा कमी असेल तर वेळ जास्त हवा, म्हणून मात्रा आणि वेळ यांचा गुणाकार बघतात. निदान अर्धा तास द्यावा, पाण्याचा सामू ८ च्या वर असेल तर त्याहून जास्त. आता सकाळ आठवा. वीज उशिरा आलेली, बायका हंडे घेऊन उभ्या, पावणेसहाला पावडर टाकली आणि सहाला व्हॉल्व्ह खोलला. पहिल्या आळीला पंधरा-वीस मिनिटांचं पाणी गेलं. पंप चालूच ठेवला तर आणखी बिघाड होतो. आत येणारं पाणी बाहेर जाण्याच्या पाइपाजवळ पडत असेल तर त्यातलं काही दोन-चार मिनिटांतच निसटतं. यावर उपाय साधा आहे: टाकी भरा, पंप बंद करा, घड्याळ लावून अर्धा तास थांबा.

नळाला वास आला की लोक म्हणतात, पावडर जास्त झाली. दर वेळी तसं नसतं. अमोनिया असलेल्या पाण्यात क्लोरीन अपुरं पडलं तरी उग्र वास येतो. त्यामुळे नाकावर भरवसा ठेवू नये.

भरवसा ठेवायचा तो ओटीच्या थेंबांवर. शेवटच्या घरी जा, नळ थोडा वाहू द्या, नळी भरा, थेंब टाका. दहा सेकंदांच्या आत फिकट पिवळा रंग आला आणि तो ठोकळ्यावरच्या ०.२ च्या खुणेशी जुळला किंवा त्याहून गडद असला तर पाणी ठीक. उशिरा चढणारा पिवळा रंग धरू नये, तो अमोनियाशी जखडलेल्या दुबळ्या क्लोरीनचाही असू शकतो. ओटी विषारी असल्याने नळीतलं पाणी मोरीत ओता आणि हात धुवा.

पुढच्या ग्रामसभेत पावडर टाकली का, हे विचारू नका. शेवटच्या नळाला आज किती वाजता, कोणता रंग आला, ते विचारा आणि तेच रजिस्टरमध्ये लिहायला लावा.