पत्त्यातले अनाथ स्वल्पविराम

दिवाळी अंक छापून होतो आणि संपादकांच्या मागे दुसरं काम लागतं, वर्गणीदारांचे पत्ते. यादी बहुतेक वेळा एक्सेलमध्ये असते. ‘ए’ कॉलममध्ये नाव, मग घर क्रमांक, इमारत, रस्ता किंवा पेठ, गाव, तालुका, जिल्हा आणि शेवटी ‘एच’मध्ये पिनकोड. पाकिटावर चिकटवायला मात्र हे सगळं एका सलग ओळीत हवं.

अडचण अशी की दोन पत्ते सारखे नसतात. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या वर्गणीदाराला सदनिका आहे, इमारतीला नाव आहे, पण तालुका-जिल्हा लिहायची गरज नाही. आळंदीच्या वर्गणीदाराला इमारत नाही, घर क्रमांकही नाही, पण ‘ता. खेड, जि. पुणे’ लिहिलंच पाहिजे. यादीतले हे रिकामे सेल म्हणजे माहिती भरणाऱ्याचा आळस नव्हे. त्या माणसाचा पत्ताच तसा आहे. त्यामुळे ते भरून काढायचे नाहीत, जोडताना ओलांडायचे आहेत.

सेल जोडण्याची जुनी पद्धत ‘&’ या चिन्हाची. `=B3&", "&C3&", "&D3` असं लिहीत गेलं की आळंदीचा पत्ता ‘, , प्रदक्षिणा मार्ग, आळंदी देवाची’ असा उमटतो. दोन सेल रिकामे, पण त्यांच्यामागचे स्वल्पविराम जागच्या जागी. ते टाळायला प्रत्येक सेलसाठी वेगळी IF ची अट घालावी लागे आणि फॉर्म्युला वाचणंही अवघड होऊन बसे. एक्सेल 2019 पासून आलेल्या TEXTJOIN ने ही कसरत संपवली. मायक्रोसॉफ्ट 365, गूगल शीट्स आणि लिबरऑफिसमध्येही तो आहे.

```
=TEXTJOIN(", ",TRUE,B3:E3)
```

पहिल्या जागी अवतरणचिन्हांत मधे घालायचं चिन्ह. इथे स्वल्पविराम आणि त्याच्यापुढे एक मोकळी जागा, कारण ती आपण दिली नाही तर शब्द स्वल्पविरामाला चिकटतात. दुसऱ्या जागी TRUE म्हणजे रिकामे सेल वगळ. त्यापुढे काय जोडायचं ते. सेल एकेक सांगायची गरज नाही, B3 पासून E3 पर्यंतची सगळी पट्टी एकदम देता येते. उत्तर येतं ‘प्रदक्षिणा मार्ग, आळंदी देवाची’. स्वल्पविराम फक्त दोन भरलेल्या मजकुरांच्या मधेच पडतो. सुरुवातीला नाही, शेवटी नाही.

आता तालुका आणि जिल्हा. सेलमध्ये नुसतं ‘खेड’ आणि ‘पुणे’ लिहिलेलं आहे, ‘ता.’ आणि ‘जि.’ आपल्याला लावायचे आहेत. सहज सुचतं ते `"ता. "&F3`. आळंदीला ते बरोबर चालतं. सदाशिव पेठेच्या ओळीत मात्र पत्त्याच्या शेवटी ‘ता. , जि. ’ असे उघडे शब्द लोंबतात. TRUE देऊनही हे कसं झालं? कारण TEXTJOIN पर्यंत रिकामा सेल पोहोचलाच नाही. त्याच्या आधी आपणच ‘ता.’ जोडून तो भरला. फॉर्म्युला वगळतो ते त्याच्या हाती आल्यावर रिकामं असेल तेवढंच. म्हणून रिकामपण आधी तपासायचं, शब्द नंतर जोडायचा:

```
=TEXTJOIN(", ",TRUE,B3:E3,
 IF(F3="","","ता. "&F3),
 IF(G3="","","जि. "&G3))
```

तालुका नसेल तर IF काहीच नसलेला मजकूर, म्हणजे नुसती दोन अवतरणचिन्हं, पुढे पाठवतो. TEXTJOIN त्यालाही रिकामंच मानतो आणि ओलांडतो.

पिनकोडपूर्वी स्वल्पविराम नको, आडवी रेघ हवी. त्यासाठी तयार झालेला पत्ता आणि पिनकोड यांच्याभोवती दुसरा TEXTJOIN घालायचा. वरचा फॉर्म्युला ‘आय’ कॉलममध्ये असेल तर ‘जे’मध्ये लिहायचं:

```
=TEXTJOIN(" - ",TRUE,I3,H3)
```

आळंदीचा पत्ता झाला ‘प्रदक्षिणा मार्ग, आळंदी देवाची, ता. खेड, जि. पुणे - 412105’. हेच दोन्ही फॉर्म्युले वरच्या ओळीत ‘सदनिका 7, श्रीकृपा, सदाशिव पेठ, पुणे - 411030’ असं देतात. एखाद्याचा पिनकोड मिळालेला नसेल तर रेघही उमटत नाही.

पिनकोड ‘412 105’ असा सुटा दिसावा म्हणून कुणी सेलला तसं फॉरमॅट दिलेलं असतं. जोडल्यावर ती फट नाहीशी होते, कारण फॉरमॅट हे सेलचं दिसणं असतं आणि TEXTJOIN आतली संख्या उचलतो. तारखेच्या बाबतीत हे जास्त खटकतं. वर्गणी संपण्याची तारीख जोडायला गेलात तर पाच आकडी संख्या उमटते. अशा वेळी `TEXT(H3,"000 000")` असं दिसणं मजकुरात उतरवावं लागतं. पण तिथेही तोच सापळा आहे. H3 रिकामा असेल तर TEXT त्यातून ‘000 000’ तयार करतो आणि पाकिटावर तो छापला जातो. इथेही IF आधी हवा.

सगळ्यात जास्त त्रास देतो तो दिसायला रिकामा पण खरोखर रिकामा नसलेला सेल. कुणीतरी मजकूर पुसताना डिलीटऐवजी स्पेसबार दाबलेला असतो. डोळ्यांना काही दिसत नाही, TEXTJOIN ला मात्र तिथे एक अक्षर दिसतं आणि पत्त्यात ‘,  ,’ असे सुटे स्वल्पविराम परत येतात. तयार पत्त्यांच्या कॉलममध्ये शोधताना ‘पाहा’ हा पर्याय ‘मूल्यां’वर ठेवून स्पेस आणि तिच्यापुढे स्वल्पविराम, म्हणजे ‘ ,’ हा जोड शोधावा, दोषी ओळी लगेच सापडतात. मग संशयित सेलवर `=LEN(C3)` लिहावं. शून्याऐवजी 1 आला की स्पेस आहे हे नक्की. उपाय म्हणजे पट्टीला TRIM लावणं:

```
=TEXTJOIN(", ",TRUE,TRIM(B3:E3))
```

एक्सेल 2019 मध्ये हा फॉर्म्युला एंटरऐवजी कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबून द्यावा लागतो, 365 मध्ये साधा एंटर पुरतो. IF च्या अटीतही मग `TRIM(F3)=""` असं लिहायचं. वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात येणारी न तुटणारी स्पेस मात्र TRIM ला जुमानत नाही. ती SUBSTITUTE वापरून काढावी लागते, आणि तीत `UNICHAR(160)` हे तिचं नाव द्यावं लागतं. काही याद्यांत रिकाम्या जागी ‘-’ किंवा ‘नाही’ लिहिण्याची सवय असते. तेही TEXTJOIN साठी मजकूरच, म्हणून जोडण्याआधी शोधून पुसलेलं बरं.

पाकिटावर पत्ता दोन-तीन ओळींत हवा असेल तर स्वल्पविरामाच्या जागी `CHAR(10)` द्यावं आणि त्या सेलचं रॅप टेक्स्ट चालू करावं. ते बंद असेल तर सगळं एकाच ओळीत चिकटलेलं दिसतं आणि फॉर्म्युला चुकला असं वाटतं.

एक काळजी मात्र मी आवर्जून घ्यायला सांगेन. पत्ते जोडून झाले म्हणून मूळ कॉलम पुसू नयेत. TRUE ने रिकाम्या जागा गाळल्या की ‘आळंदी देवाची’ हा तुकडा दुसरा होता की चौथा, हे जोडलेल्या ओळीवरून कळत नाही. पुढच्या वर्षी तालुक्यानुसार गठ्ठे लावायचे ठरलं तर ती ओळ उलगडून जुने कॉलम परत मिळत नाहीत. मजकूर नंतर पुन्हा तोडायचाच असेल तर दुसऱ्या जागी FALSE द्यावं. मग रिकाम्या सेलचीही जागा स्वल्पविरामांनी राखली जाते.

आणि यादी छापखान्यात पाठवण्यापूर्वी पत्त्यांचा कॉलम कॉपी करून ‘पेस्ट व्हॅल्यूज’ने मजकूर म्हणून चिकटवावा. तिथल्या संगणकावर एक्सेल 2016 किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर फॉर्म्युल्यात `_xlfn.` असा उपसर्ग दिसतो, आणि कुणी सेलला हात लावला की पत्त्याच्या जागी `#NAME?` उमटतं.