एक काढायचा की घालायचा?

दुसरीच्या वर्गात फळ्यावर ४६ + २९ लिहिलं की बहुतेक मुलं वहीत उभी मांडणी करतात. सहा नि नऊ पंधरा, पाच खाली, हातचा एक. चार नि दोन सहा, हातचा धरून सात. उत्तर ७५. काहीजण हातचा विसरतात आणि ६५ लिहितात. काहीजण तर पंधराच्या पंधरा खाली उतरवून ६१५ लिहितात आणि निवांत पुढच्या गणिताकडे वळतात. शेहेचाळीसमध्ये एकोणतीस मिळवून सहाशेच्या वर कसं जाईल, हे त्यांना खटकत नाही, कारण त्या मांडणीत त्यांना संख्या दिसतच नाहीत, नुसते सुटे अंक दिसतात.

तोंडी हिशोब करणारं मूल आधी संख्येकडे बघतं. २९ म्हणजे जवळजवळ ३०. मग ४६ नि ३० शहात्तर, आणि एक जास्त घेतला होता तो काढला की पंच्याहत्तर. जवळची सोयीची संख्या घ्यायची आणि मागाहून फरक चुकता करायचा, याला भरपाईची पद्धत म्हणतात. ऐकायला सोपी आहे. शिकवताना मात्र शेवटच्या पायरीवर, म्हणजे तो एक काढायचा की घालायचा यावर, सगळं अडतं.

तिची तयारी पहिलीतच दुपटीने करता येते. १ + १ पासून १० + १० पर्यंतच्या दुपटी मुलांच्या तोंडी इतर बेरजांपेक्षा लवकर बसतात. त्यांच्या आधाराने शेजारची बेरीज काढता येते. सहा नि सहा बारा, म्हणून सहा नि सात तेरा. आता उलट विचारून बघावं: आठ नि आठ सोळा, तर आठ नि सात किती? काही मुलं पटकन सतरा म्हणतात. शेजारची संख्या म्हटली की एक वाढवायचा, एवढंच त्यांनी उचललेलं असतं. अशा वेळी नियम सांगू नये. बाटलीची बुचं दोन रांगांत आठ-आठ लावावीत, खालच्या रांगेतलं एक मुलालाच उचलायला सांगावं आणि आता जास्त झाली की कमी, एवढंच विचारावं. भरपाईची दिशा मूल इथे पहिल्यांदा डोळ्यांनी बघतं.

दुप्पट पुढेही कामाला येते. ३७ ची दुप्पट करताना तिसाची साठ, साताची चौदा, मिळून चौऱ्याहत्तर. चारपट म्हणजे दुपटीची दुप्पट: सात, चौदा, अठ्ठावीस. आणखी एकदा केली की आठपट, छप्पन्न. बेचा पाढा पक्का असलेल्या मुलाला चारचा आणि आठचा पाढा असा हातानं बांधता येतो. सातच्या पाढ्याला ही युक्ती सरळ लागू पडत नाही. तिथे पाठांतराला पर्याय शोधत बसू नये.

भरपाईकडे वळण्याआधी मुलाला ४६ + ३० तोंडी विचारावं. ते बोटं मोजू लागलं किंवा वहीत उभी मांडणी करू लागलं, तर थांबावं. कोणत्याही संख्येपासून दहा-दहाच्या उड्या मारता येत नसतील, तर ‘तीस मिळव, एक काढ’ हा त्याला नुसता मंत्र होतो. इथे शंभर मण्यांची गणितमाळ फार उपयोगी पडते. तिच्यात दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे असे आलटून पालटून ओवलेले असतात. ४६ व्या मण्यानंतर चिमटा लावायचा, तिथून दहा-दहाच्या तीन उड्या मारून ७६ वर जायचं, मग एक मणी मागे. माळेवर हे जमलं की वहीत एक साधी आडवी रेघ ओढायची. तिच्यावर आधीपासून खुणा किंवा आकडे नसतात. मूल फक्त ४६ लिहितं, तिसाची कमान काढून ७६ लिहितं आणि एकाची छोटी कमान मागे आणतं. नेदरलँड्समधल्या गणितशिक्षणाच्या अभ्यासकांनी रुजवलेली ही रिकामी संख्यारेषा. तिचा मोठा फायदा शिक्षकाला होतो, कारण मूल काय विचार करत होतं ते कागदावर उमटतं.

बेरीज अशी दोन-तीन आठवड्यांत बसली, म्हणून लगेच वजाबाकी दिली की गोंधळ सुरू होतो. ४६ − २९. मुलं तीस वजा करतात, सोळा येतात, आणि बेरजेच्या सवयीने आणखी एक काढून १५ लिहितात. बरोबर उत्तर १७ आहे. उभ्या मांडणीतली चूक वेगळी असते. तिथे सहातून नऊ जात नाहीत म्हणून मूल नवातून सहा वजा करतं आणि २३ लिहितं. त्यामुळे नुसतं उत्तर बघूनही मूल कुठे चुकलं ते कळतं. भरपाई उलट्या दिशेने झाली असेल, तर उत्तर भरपाईच्या नेमकं दुपटीने चुकतं. २९ ऐवजी ३० घेतले तर दोनाने, २८ ऐवजी ३० घेतले तर चाराने. ४६ − २८ चं उत्तर १८ ऐवजी १४ आलं, तर मुलाला वजाबाकी येते, दिशा तेवढी कळलेली नाही.

ती दिशा पैशांनी समजते. मुलाच्या हातात दहाच्या चार खेळण्यातल्या नोटा आणि सहा सुटे रुपये द्यावेत. वही एकोणतीस रुपयांची. सुटे नऊ रुपये नाहीत, म्हणून ते दहाच्या तीन नोटा देतं. हातात सोळा उरतात. दुकानदार झालेला मुलगा एक रुपया परत करतो, सतरा होतात. ‘दुकानदाराने आणखी एक रुपया मागितला तर चालेल का?’ असं विचारलं की वर्ग एका आवाजात ‘नाही’ म्हणतो. मग हीच गोष्ट रिकाम्या रेघेवर काढून घ्यावी: तीस मागे, एक पुढे. ‘बेरजेत काढ, वजाबाकीत घाल’ असा नियम फळ्यावर लिहून देणारे शिक्षक बरेच आहेत. मला तो घातक वाटतो. ४६ − ३१ आलं की मूल तीस वजा करून सोळावर येतं आणि नियमाप्रमाणे एक घालून १७ सांगतं. इथे तर एक कमीच घेतला होता, आणखी काढायला हवा, उत्तर १५.

आपल्या संख्यानामांची इथे थोडी मदत होते. एकोणतीस म्हणजे एक कमी तीस, हे मुलांना एकदा उलगडून दाखवलं की १९ पासून ८९ पर्यंत भरपाई नावातच ऐकू येते. नव्व्याण्णवला मात्र ही सोय नाही. त्रासही आहेच: एकोणचाळीसमधला चाळीस ऐकून ४९ लिहिणारी मुलं प्रत्येक शाळेत भेटतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस नऊ’ अशा वाचनाचा पर्याय आला, तेव्हा मोठा वाद झाला होता. दशक-एकक समजायला ते वाचन चांगलं, तीसशी असलेली जवळीक दिसायला एकोणतीस चांगलं. वर्गात दोन्ही वापरायला काहीच हरकत नाही.

आणखी एक गोष्ट स्वाध्यायांविषयी. ‘भरपाईने सोडवा’ असं लिहून खाली वीस गणितं दिली की पद्धत निवडण्याचं काम मुलाकडे उरतच नाही. ४६ + २३ ला भरपाई लावणं हा वेळेचा अपव्यय आहे; वीस मिळवून तीन मिळवले की झालं. २५ + २६ ला दुप्पट बरी, ४६ + २९ ला भरपाई. म्हणून गणितं मिसळून द्यावीत, आकड्याने कमी द्यावीत आणि प्रत्येकाआधी एवढंच विचारावं की याला काय सोयीचं पडेल.

पालकांना एक विनंती. घरी घड्याळ लावून तोंडी गणितं विचारू नका. घाई झाली की मूल बोटं मोजतं किंवा अंदाजाने काहीतरी ठोकून देतं. उत्तर बरोबर आलं तरी ‘कसं काढलंस?’ असं विचारा, आणि तुमच्यापेक्षा वेगळी वाट सांगितली तर ती शेवटपर्यंत ऐकून घ्या.