शेठ, कॉम्प्युटरला बोल लावू नका

तालुक्याच्या बाजारपेठेत भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या एका शेठजींची ही गोष्ट. मार्चअखेर तोंडावर आली आणि त्यांच्या सीएंनी सांगितलं, "हिशेबाच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती आता पुरे, नवी टाकून घ्या." शेठजींनी पैसे भरले, फाइल उतरवून घेतली आणि तिच्यावर डबल क्लिक केलं. पडद्यावर निळी चौकट आली: This app can't run on your PC.

मग सल्ल्यांना ऊत आला. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने व्हायरसचं निदान केलं. भाच्याने फाइल अर्धवट उतरली म्हणून ती पुन्हा उतरवली. कोणी म्हणालं, रॅम कमी पडते. शेठजींनी २ जीबीची ४ जीबी रॅम करून घेतली, तरी चौकट तीच.

शेवटी दुरुस्तीवाला आला. त्याने खोका उघडलाही नाही. Settings, मग System, मग About असं करत तो एका पानावर पोहोचला आणि दोन ओळींवर बोट ठेवलं:

```
Installed RAM   4.00 GB (2.99 GB usable)
System type     32-bit operating system, x64-based processor
```

"शेठ, मशीन ६४ बिटचं आहे, त्यावरचं विंडोज ३२ चं आहे. कॉम्प्युटरला बोल लावू नका."

३२ बिटची विंडोज मेमरीतल्या जागांना क्रमांक देताना ३२ अंकांची द्विमान संख्या वापरते. असे क्रमांक जेमतेम ४ जीबीला पुरतात. त्यातलेही काही ग्राफिक्स आणि इतर भागांसाठी राखून ठेवावे लागतात. म्हणूनच शेठजींची नवी रॅम बसली, पण जवळजवळ १ जीबी वाया गेली. ६४ बिटसाठी लिहिलेला प्रोग्राम चालायला प्रोसेसर ६४ बिटच्या पद्धतीत काम करायला हवा. ३२ बिटची विंडोज त्याला त्या पद्धतीत कधी नेतच नाही. उलट ६४ बिटच्या विंडोजमध्ये ३२ बिटचे जुने प्रोग्राम चालवायची सोय असते. ३२ बिटची जुनी आवृत्ती इतकी वर्षं बिनबोभाट चालली आणि नवीने दारातच पाय अडवला.

हा घोळ झाला कुठे? कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यात ३२ बिटचं विंडोज ७ होतं. २०१५ साली विंडोज १० आलं आणि वर्षभर ते फुकट मिळत होतं. शेठजींनीही ते घेतलं, पण असा बदल जुन्या बिटमध्येच होतो. नाव १० झालं, बिट ३२ च राहिले.

३२ वरून ६४ बिटवर जाताना विंडोज कोरी टाकावी लागते. नुसतं अपडेट करून भागत नाही. परवाना नव्याने घ्यावा लागला नाही, कारण त्याच मशीनवर त्याच प्रकारच्या विंडोजला तो दोन्ही बिटमध्ये चालतो. धोका होता हिशेबाच्या डेटाला. दुरुस्तीवाल्याने आधी सॉफ्टवेअरमध्ये डेटाच्या फोल्डरचा पत्ता पाहिला आणि तो फोल्डर दोन पेनड्राइव्हवर उतरवला. त्यातला एक सीएंच्या कॉम्प्युटरवर उघडून गेल्या महिन्याची शिल्लक जुळते का, तेही तपासलं. मगच सी ड्राइव्ह पुसला. नव्या आवृत्तीला दिली ती डेटाची प्रत, मूळ डेटाला हात लावला नाही. नव्या साच्यात बदललेला डेटा जुनी आवृत्ती बहुधा उघडत नाही, म्हणून ही खबरदारी. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात, तेव्हा जुना डेटा गमावून चालत नाही.

एवढं होऊनही बिलाचा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर रुसला. प्रिंटरचा ड्रायव्हरही ६४ बिटचाच लागतो. सुदैवाने त्याचा ड्रायव्हर मिळाला. मिळाला नसता तर सॉफ्टवेअर चालूनही गल्ल्यावर बिल निघालं नसतं, म्हणून याची चौकशी विंडोज पुसण्याआधीच करावी.

याच पानावर System type पुढे x86-based processor असं दिसलं, तर मात्र प्रोसेसरच ३२ बिटचा आहे. अशा मशीनवर खर्च करू नये. शेठजींचं काम निभावलं, तरी तेही कायमचं नाही. विंडोज १० ला नेहमीच्या सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. विंडोज ११ ची ३२ बिटची आवृत्तीच नाही आणि इतक्या जुन्या प्रोसेसरला ते अधिकृतपणे चालतही नाही. म्हणजे नव्या कॉम्प्युटरसाठी पैसे बाजूला काढायला लागलेलं बरं. तोवर सॉफ्टवेअर असो वा रॅम, पैसे मोजण्याआधी About चं पान उघडून त्या दोन ओळी वाचा.