परदेशी अभ्यासकाला निमंत्रणपत्र : कोणता खर्च कोणाचा?

आज विषय अगदी एका कागदाचा आहे. चर्चासत्रात निबंध वाचायला परदेशातून कोणी येणार असेल, तर आयोजक त्याला जे निमंत्रणपत्र देतात, त्या कागदाचा.

हे पत्र तीन जण वाचतात. पहिला तो अभ्यासक. दुसरं त्याचं विद्यापीठ, कारण विमानाचे पैसे बहुधा तेच देणार असतं. आणि तिसरा भारतीय दूतावासातला व्हिसा अधिकारी. पहिल्याला वाटतं आपलं स्वागत आहे, दुसऱ्याला कळायला हवं की किती पैसे द्यायचे, आणि तिसरा बघतो की हा माणूस कुठे, किती दिवस, कोणाच्या भरवशावर राहणार. ‘आदरातिथ्याची व्यवस्था करण्यात येईल’ या एका वाक्याने यातल्या शेवटच्या दोघांचं काहीच भागत नाही.

आपण एक उदाहरण घेऊ. समजा, गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात सामूहिक वनहक्कांवर १२ ते १४ फेब्रुवारी असं तीन दिवसांचं चर्चासत्र आहे. मेक्सिकोतही गावांच्या मालकीची जंगलं आहेत, म्हणून तिथल्या एक संशोधक निबंध वाचणार आहेत. १५ तारखेला सगळ्यांनी मेंढा (लेखा) गावाला जायचं आहे, ज्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, ते गाव.

आता तारखा बघा. पत्रात फक्त ‘१२ ते १४’ लिहिलं तर १५ ची गावभेट कागदावर कुठेच नाही. म्हणून लिहायचं : ११ ला आगमन, १२ ते १४ चर्चासत्र, १५ ला क्षेत्रभेट, १६ ला सकाळी प्रस्थान. म्हणजे मुक्काम पाच रात्रींचा. जागेचं नावही नेमकं हवं, नुसतं ‘विदर्भ’ नको. कारण परिषदेच्या व्हिसासाठी आयोजकांना परराष्ट्र मंत्रालयाची मंजुरी आधी घ्यावी लागते. काही देशांचे नागरिक असतील किंवा ठिकाण संवेदनशील मानलं जात असेल, तर गृह मंत्रालयाचीही लागते. गडचिरोली बरीच वर्षं नक्षलग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत राहिला आहे, त्यामुळे इथल्या आयोजकाने हे आधीच विचारून घ्यावं. मंजुरीच्या अर्जातल्या आणि पत्रातल्या तारखा, जागा, नाव, सगळं जुळलं पाहिजे.

आता खर्च. गडबड कुठे होते माहीत आहे? नागपूर विमानतळावर. पाहुण्यांचं विद्यापीठ समजतं, आपण विमानाचे पैसे दिले, आपलं काम संपलं. आयोजक समजतात, ‘स्थानिक व्यवस्था’ म्हणजे गडचिरोली शहरातली. मधला पावणेदोनशे किलोमीटरचा रस्ता कोणाचाच नाही! गडचिरोली शहरात विमानतळ नाही, गाडी करावीच लागते. म्हणून पाहुण्याच्या घराच्या दारापासून परत दारापर्यंत मनातल्या मनात प्रवास करायचा आणि प्रत्येक टप्प्यावर एकच नाव लिहायचं.

आपल्या उदाहरणात पत्राचा मजकूर असा होईल. पत्र तुम्ही इंग्रजीत लिहाल, आशय मराठीत सांगतो :

‘मेक्सिको ते नागपूर जाण्यायेण्याचा विमानखर्च आपले विद्यापीठ करील. नागपूर विमानतळ ते गडचिरोली ये-जा मोटार, ११ ते १६ फेब्रुवारी विद्यापीठाच्या अतिथिगृहात पाच रात्रींचा निवास, जेवण आणि १५ तारखेच्या क्षेत्रभेटीचा प्रवास हा खर्च आयोजक करतील. नोंदणी शुल्क माफ आहे. व्हिसा शुल्क आणि प्रवास-आरोग्य विमा आपल्याकडे राहील. १६ नंतरचा मुक्काम आपण वाढवल्यास तो स्वखर्चाने असेल.’

शेवटचं वाक्य कशाला? पाहुण्यांना इतक्या लांब आल्यावर ताडोबा बघायचं असतं. ते त्यांनी जरूर बघावं, पण अतिथिगृहाची खोली कोणत्या सकाळी रिकामी होणार, ते दोघांना आधी माहीत हवं.

आणखी एक फरक लक्षात घ्या. ‘खर्च आम्ही देऊ’ आणि ‘खर्चाची भरपाई करू’ ही दोन वेगळी वचनं आहेत. दुसऱ्यात पाहुण्याने आधी स्वतःच्या खिशातून पैसे घालायचे आणि मग वाट बघायची. भरपाई असेल तर कमाल रक्कम, कोणत्या चलनात, कोणते कागद लागतील, म्हणजे तिकिटाची पावती, बोर्डिंग पास, हे पत्रातच सांगा. नाहीतर तो बोर्डिंग पास विमानतळावरच्या कचरापेटीत जातो आणि आपला लेखा विभाग तोच मागतो.

शेवटचा आणि सगळ्यात नाजूक मुद्दा अनुदानाचा. अर्ज केलेलं अनुदान आणि मंजूर झालेलं अनुदान एक नव्हे. मंजुरी हातात नसेल तर तसं स्पष्ट लिहा : ‘अनुदानाचा निर्णय अमुक तारखेपर्यंत कळवू, तोपर्यंत परत न होणारं तिकीट काढू नये.’ हे लिहायला संकोच वाटतो, मान्य आहे. पण न लिहिल्यास अनुदान नाकारल्याची किंमत आयोजकाऐवजी पाहुणा मोजतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.