नव्या गिरणीचं आमंत्रण

कॉलनीत पिठाची गिरणी सुरू होतेय आणि शेजाऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायचंय, असं समजा. लांबलचक मेसेज अर्धवट दिसतो. उरलेला वाचायला तो उघडावा लागतो. म्हणून काय, कुठे, कधी हे सुरुवातीलाच यावं:

“नमस्कार! दत्त मंदिरासमोर आपली नवी पिठाची गिरणी गुरुवारी सकाळी 9 वाजता सुरू होतेय. सहकुटुंब या, चहा घेऊ. गुरुवार ते शनिवार 5 किलो गहू दळायला आणा, त्यातल्या 1 किलोची दळणावळ माफ. वेळ: सकाळी 9 ते 1, संध्याकाळी 5 ते 8.”

सवलत झेपेल एवढीच ठेवावी. दर किलोला 8 रुपये असेल, तर गिऱ्हाईक 40 ऐवजी 32 रुपये देईल. मालकाचे 8 रुपये कमी होतील, पण दळण फुकट जाणार नाही. ‘पहिल्या दिवशी सगळं मोफत’ लिहिलं, तर डब्यांची रांग लागते, पीठ वेळेवर मिळत नाही आणि पहिलंच मत वाईट होतं. सवलत कधी संपते हे लिहिलं नाही, तर रविवारी काउंटरवर वाद ठरलेला.

ब्रॉडकास्टने पाठवलेला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. मेसेजवर एकच टिक दिसत राहिली, तर तो पोचलेला नाही. अशा घरी स्वतः जाऊन सांगावं आणि नंबर सेव्ह करून घ्यावा. सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याआधी अ‍ॅडमिनला विचारावं, आणि एकदाच टाकावं.